काळं म्हणजे नॉर्मल नव्हे

"छातीचा एक्स-रे दहा सेकंदांत वाचा! एबीसीडीई वगैरे परीक्षेपुरतं. पांढरा डाग शोधा. दिसला तर न्यूमोनिया, फुप्फुसं काळी तर नॉर्मल. हृदय छातीच्या निम्म्याहून रुंद तर कार्डिओमेगाली. डाग सापडला की काम संपलं."

माझ्या धाकट्या बहिणीची वॉर्ड पोस्टिंग नुकतीच सुरू झाली आहे. तिने हा मेसेज मला "दादा, किती सोपं आहे!" म्हणून पाठवला, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे.

सगळ्यात घातक वाक्य काळ्या फुप्फुसाचं. समजा, एका उंच, सडपातळ तरुणाच्या छातीत उजवीकडे अचानक कळ आली आणि त्याला धाप लागली. फिल्मवर पांढरा डाग कुठेच नाही. मेसेजप्रमाणे तो घरी जाईल. एबीसीडीईच्या पद्धतीने, म्हणजे ठरलेल्या क्रमाने, बघणारा आधी श्वासनलिका मध्यावर आहे का ते पाहतो, मग दोन्ही फुप्फुसं वरून खाली, डावं-उजवं ताडत जातो. उजव्या टोकाशी रक्तवाहिन्यांच्या बारीक रेषा छातीच्या भिंतीपर्यंत पोचत नाहीत. त्या संपतात तिथे केसासारखी पांढरी रेषा आहे आणि तिच्या पलीकडे नुसतं काळं. हा न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुस आणि छातीच्या भिंतीमध्ये जमलेली हवा. जास्त काळी बाजूच इथे आजारी आहे.

इथे फसायलाही होतं. त्वचेची घडी अशीच दिसते, पण तिच्या पलीकडे रक्तवाहिन्या चालू राहतात. रुग्ण आडवा असेल तर हवा टोकाशी न जाता पुढे आणि खाली जमते. मग बरगडी आणि फुप्फुसाखालच्या श्वासाच्या पडद्यामधला कोन नेहमीपेक्षा खोल आणि काळा दिसतो. श्वासनलिका विरुद्ध बाजूला ढकललेली असेल आणि रुग्णाचं बीपी पडत असेल, तर फिल्म वाचत बसायची वेळच नाही.

हृदयाचं माप अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. पण ते पीए फिल्मसाठी, म्हणजे किरण पाठीकडून पुढे जातात तिच्यासाठी. खाटेवर काढलेल्या एपी फिल्ममध्ये किरण समोरून येतात आणि हृदय डिटेक्टरपासून लांब असल्याने मोठंच दिसतं. म्हणून मापाआधी नाव, तारीख, पीए की एपी आणि रुग्ण वळलेला आहे का हे बघायचं.

पांढरं म्हणजे न्यूमोनिया? पाणी, गाठ, आक्रसलेलं फुप्फुस, सगळं पांढरंच दिसतं.

"डाग सापडला की काम संपलं" याला 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पुरेसा आहे. 24 रेडिओलॉजिस्टना फुप्फुसाच्या सीटीत गाठी शोधायला सांगितल्या आणि चित्रात एक गोरिला घातला, सरासरी गाठीच्या 48 पट मोठा. 20 जणांना तो दिसला नाही, आणि त्यांतल्या बहुतेकांची नजर थेट त्याच्यावरून गेली होती. प्रयोग सीटीवरचा आहे, एक्स-रेवरचा नाही. पण एकच गोष्ट शोधणारी नजर बाकीचं गाळते, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

म्हणून डाग सापडल्यावरही चार जागा पुन्हा बघायच्या: फुप्फुसांची टोकं, दोन्ही हायलम म्हणजे फुप्फुसांची मुळं, हृदयामागचा भाग आणि पडद्याखाली. डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग, म्हणजे लोब, आक्रसला तर तो हृदयामागे त्रिकोणासारखा लपतो. हृदयाला डावीकडे दुहेरी कडा दिसते आणि पडद्याची आतली रेषा पुसट होते.