नाशिकच्या क्लासला नाशिकचेच फॉलोअर्स हवेत

«क्लासवाल्यांनो, लोकल इन्फ्लुएन्सर निवडताना एवढंच बघा. १) दहा हजारांच्या वर फॉलोअर्स असतील तर ते खरेच, कारण फेक अकाउंट इन्स्टाग्राम स्वतःच उडवतं. २) लाइक-कमेंट मिळून फॉलोअर्सच्या ५ टक्क्यांवर गेले की पेज १०० टक्के जेन्युईन. ३) शंका आली तर फॉलोअर चेकर ॲपवर स्कोअर काढा, ८० च्या खाली असेल तर सोडा. ४) नाशिकचं पेज म्हणजे फॉलोअर्स नाशिकचेच. ५) रीलवर जाहिरात असं लिहू नका, पालक म्हणून बोलायला लावा, विश्वास बसतो.»

हा मेसेज आधी दोन-तीन ग्रुपवर दिसला होता, तेव्हा मी सोडून दिला. रविवारी तो वहिनींनी पाठवला. खाली लिहिलं होतं, «भाऊजी, हे वाचून एक पेज नक्की केलंय, उद्या बारा हजार पाठवते.» वहिनींचा पाथर्डी फाट्याजवळ नववी-दहावीचा गणित-विज्ञानाचा क्लास आहे. ४६ मुलं, दोन बॅच. बारा हजार म्हणजे त्यांच्या हॉलचं महिन्याचं भाडं. मी गेली काही वर्षं नाशिकमधल्या दुकानांच्या आणि क्लासेसच्या जाहिराती सांभाळतो, त्यामुळे हे वाचून गप्प बसणं शक्य नव्हतं. त्यांना फोन केला, पैसे थांबवायला सांगितले आणि संध्याकाळी घरी गेलो.

सुरुवात चौथ्या मुद्द्यापासून करतो, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच बुडतात आणि तिथे कोणी फसवतही नसतं.

वहिनींनी निवडलेल्या पेजवर ४२ हजार फॉलोअर्स होते. नाव नाशिकचं, रील्सही नाशिकच्या: रामकुंडावरची आरती, गोदावरीला पूर आला की दुतोंड्या मारुती कुठपर्यंत बुडाला ते, मिसळीची ठिकाणं, त्र्यंबकेश्वरची गर्दी, कुंभमेळ्याची तयारी. आता हे कोण बघतं? शनिवार-रविवारी मिसळ खायला येणारे मुंबई-पुण्याचे लोक बघतात. त्र्यंबकला यायचं ठरवणारी दुसऱ्या राज्यांतली कुटुंबं बघतात. नाशिक सोडून परदेशी गेलेले बघतात. ही सगळी खरी, जिवंत माणसं आहेत. पण त्यांच्यातला एकही जण संध्याकाळी साडेपाचला मुलाला स्कूटरवरून पाथर्डी फाट्यावर सोडायला येणार नाही.

याचा आकडा पेजवाल्याकडे असतो, मागितला की मिळतो. व्यावसायिक प्रकारचं खातं असेल तर त्याला Insights दिसतात, आणि त्यात फॉलोअर्सच्या भागात Top locations, Age range आणि Gender असतं. स्क्रीनशॉट मागू नका, त्यातला आकडा बदलणं दोन मिनिटांचं काम आहे. प्रोफाइल उघडण्यापासून Top locations मधल्या शहरांच्या यादीपर्यंतचं स्क्रीन रेकॉर्डिंग मागा, किंवा समोर बसून बघा. या पेजवाल्या मुलाने कुरकुर न करता रेकॉर्डिंग पाठवलं, त्याबद्दल त्याचं कौतुक आहे. नाशिक निघालं ९ टक्के. म्हणजे ४२ हजारांतले साधारण ३,८०० जण. वयात सगळ्यात मोठा गट १८ ते २४ चा होता, आणि ३५ ते ४४ चे फक्त ९ टक्के. दहावीतल्या मुलाचे आईबाप बहुतेक याच दुसऱ्या गटात असतात.

मग वहिनींच्याच यादीत खाली राहिलेली एक ताई बघितली. इंदिरानगरला राहते, मुलांचे डबे, सोसायटीतला गणपती, शाळेच्या प्रोजेक्टची धावपळ असं टाकते. फॉलोअर्स ६,१००. मेसेजच्या पहिल्या मुद्द्यानुसार ती बादच होती. तिच्या रेकॉर्डिंगमध्ये नाशिक ५८ टक्के होतं, म्हणजे सुमारे ३,५०० जण, आणि ३५ ते ४४ वयाचे ४१ टक्के. नाशिककर दोन्हीकडे जवळपास सारखेच. एकाचा दर बारा हजार, दुसरीचा अडीच. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा: Insights शहर वेगळं दाखवतं आणि वय वेगळं, त्यामुळे «नाशिकमधले पालक नेमके किती» हा गुणाकार त्यातून निघत नाही. त्यासाठी कमेंट वाचाव्या लागतात, त्याकडे येतो.

दुसरा मुद्दा सगळ्यात चुकीचा आहे, आणि नेमका तोच लोक मान हलवून स्वीकारतात, कारण त्यात टक्का आहे. अहो, लाइक विकत मिळतात! जो फॉलोअर्स विकतो तोच लाइकही विकतो आणि कमेंटही विकतो. जी वस्तू बाजारात मिळते, ती खरेपणाचा पुरावा कशी होईल? मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने जुलै २०२० मध्ये खोटे फॉलोअर्स विकणाऱ्या रॅकेटचा तपास सुरू केला तो एका गायिकेच्या तक्रारीवरून, आणि त्यात अटकही झाली. ही आपल्याच राज्यातली घटना आहे, तेव्हा «आपल्याकडे असं कोण करतं» हे मला कोणी सांगू नये.

वहिनींच्या यादीतलं दुसरं पेज या ५ टक्क्यांच्या परीक्षेत पास झालं होतं. फॉलोअर्स १८ हजार, प्रत्येक रीलवर हजाराच्या आसपास लाइक, म्हणजे साडेपाच टक्के. मी वहिनींना म्हटलं, आता लाइक फॉलोअर्सशी लावू नका, व्ह्यूजशी लावा. रीलचे व्ह्यूज सगळ्यांना दिसतात. शेवटच्या दहा रील्सचे व्ह्यूज लिहून काढले, चढत्या क्रमाने लावले आणि पाचव्या-सहाव्या आकड्यांच्या मधला आकडा घेतला. सरासरी काढायची नाही, एखादी रील चुकून खूप चालली की सरासरी फुगते. मधला आकडा आला १,७०० च्या आसपास. व्ह्यूज सतराशे आणि लाइक हजार? माझ्या पाहण्यात शंभर वेळा दिसलेल्या रीलला चार-पाच लाइक येतात, फार आवडली तर दहा. बघणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी प्रत्येक वेळी लाइक करावं, असं माणसं करत नाहीत.

त्याच पेजच्या कमेंट बघितल्या. सलग सहा रील्सखाली तीच १९ खाती होती, आणि ती सगळी दुसरी पेजेसच: कपड्यांचं दुकान, केक, मेकअप, आणखी दोन इन्फ्लुएन्सर. आग, हृदय, «खूप छान», «भारी». हा आपापसातला ग्रुप असतो, एकाने रील टाकली की बाकीच्यांनी पहिल्या अर्ध्या तासात जाऊन कमेंट करायची. खाती खरी, माणसं खरी, पण त्यांना क्लास लावायचा नाही. इंदिरानगरच्या ताईच्या खाली वेगळंच दिसत होतं: «ही वही कुठे मिळाली?», «तुमच्या शाळेची परीक्षा कधीपासून?», «सिडकोत कोणी हिंदीच्या मॅडम आहेत का?» चार रील्सखालच्या चाळीसेक जणींची प्रोफाइल मी आणि वहिनींनी उघडून बघितली. खुल्या असलेल्या खात्यांमध्ये ओळखीच्या शाळा आणि आजूबाजूच्या सोसायट्या दिसत होत्या. तीन तर वहिनींच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या आया निघाल्या. या कामाला पाऊण तास लागला.

तिसऱ्या मुद्द्यातल्या ॲपबद्दल मला खरोखर राग आहे. ही ॲप बाहेरून दिसतं तेवढ्यावरच अंदाज करतात: फोटो नाही, पोस्ट नाहीत, फॉलो खूप आणि फॉलोअर्स थोडे, की संशयास्पद. आता आपल्या शेजारच्या काकूंचं खातं आठवा. डीपीला स्वामी समर्थ नाहीतर गुलाबाचं फूल, खातं प्रायव्हेट, पोस्ट शून्य, आणि तीनशे पेजेस फॉलो. ॲपच्या हिशोबात त्या खोट्या, आणि क्लासची फी भरणार त्याच! ज्या पेजवर पालक जास्त, त्याचाच स्कोअर पडण्याची शक्यता जास्त. शिवाय यातली काही ॲप तुमच्या इन्स्टाग्रामचा पासवर्ड मागतात. तो अजिबात देऊ नका. २०१८ मध्ये इन्स्टाग्रामने बाहेरच्या ॲपमधून आलेले खोटे लाइक आणि फॉलो काढायला घेतले, तेव्हा ती ॲप वापरणाऱ्यांना पासवर्ड बदलायला सांगावं लागलं होतं.

पहिल्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. इन्स्टाग्राम खोटी खाती काढतं. डिसेंबर २०१४ मध्ये तर इतकी काढली की मोठमोठ्या लोकांचे लाखो फॉलोअर्स एका झटक्यात कमी झाले. पण काढलेली खाती पुन्हा विकत भरता येतात, आणि दहा हजार या आकड्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्यातही «आम्हाला फॉलो करा, तीन मित्रांना टॅग करा, मोबाइल जिंका» असल्या स्पर्धेतून आलेले फॉलोअर्स कोणी काढणार नाही, कारण ते खरेच आहेत. फक्त ते मोबाइलसाठी आलेले आहेत.

पाचवा मुद्दा वाचून वहिनींनी त्या पेजवाल्याला «माझा भाऊ इथे शिकतो» असं बोलायला सांगायचं ठरवलं होतं. शिक्षकाच्या नावावर हे खोटं चिकटलं की निघत नाही, आणि ते कायद्यातही बसत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियम सांगितले आहेत: पैसे, फुकट वस्तू, सवलत, अदलाबदल, काहीही घेतलं असेल तर ते स्पष्ट सांगायचं, व्हिडिओत असेल तर व्हिडिओतच सांगायचं, आणि रील ज्या भाषेत त्याच भाषेत सांगायचं. म्हणजे मराठी रीलवर मराठीत «जाहिरात». २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत, आणि तो जाहिरात देणाऱ्यालाही होऊ शकतो, बोलणाऱ्यालाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी वेगळी नियमावली आली, ती ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्यांना लागू आहे. वहिनींकडे ४६ आहेत म्हणून त्या तिच्यातून सुटतील, २०१९ च्या कायद्यातून सुटणार नाहीत.

इंदिरानगरच्या ताईने विचारलं होतं, निम्मे पैसे आणि निम्म्याच्या बदल्यात मुलीच्या फीमध्ये सवलत चालेल का. चालेल, पण मग सवलतसुद्धा रीलमध्ये सांगावी लागते. तिने सरळ अडीच हजार घेतले. रीलच्या सुरुवातीलाच «ही जाहिरात आहे» असं म्हणाली आणि वहिनींचा डेमो तास शूट केला. स्टोरीवर आम्ही तिच्यासाठी वेगळी व्हॉट्सॲप लिंक दिली, म्हणजे आलेला मेसेज तिच्याकडूनच आलाय हे कळतं. पेज बदललं की शेवटचं अक्षर बदलायचं:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Demo-A
```

आठ दिवसांत Demo-A लिहिलेले ९ मेसेज आले. सात इंदिरानगर ते पाथर्डी फाटा या पट्ट्यातले, एक गंगापूर रोडचा, त्यांना लांब पडतंय, आणि एक पुण्याचा. पाच मुलं डेमोला बसली. दोघांनी सुट्टीच्या बॅचची फी भरली, तिसऱ्याचे वडील नववीच्या निकालानंतर सांगतो म्हणालेत.