रिझोल्यूशन आणि बॅटरी: एका प्रतिक्रियेला उत्तर

फोनच्या पडद्याचं रिझोल्यूशन १४४० वरून १०८० वर आणलं की बॅटरी वाचते, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर एका वाचकाची ही प्रतिक्रिया:

«रिझोल्यूशन कमी केलं तरी स्क्रीनवरचे पिक्सेल तितकेच पेटतात, मग बॅटरी वाचणार कुठून? मी दोन्ही सेटिंगचे स्क्रीनशॉट झूम करून पाहिले, १०८० मध्ये अक्षरं फुटलेली आहेत. आधी अभ्यास करा, मग लोकांना शिकवा.»

पहिली गोष्ट, «शिकवा» हा शब्द तुमचा. मी माझा अनुभव लिहिला होता. मतभेद असतील तर जरूर मांडा, पण त्यासाठी समोरच्याचा अभ्यास काढायची गरज नसते.

एक चूक मान्य करतो. «कमी पिक्सेल चालू राहतात» असं मी लिहिलं होतं, ते वाक्य ढिसाळ होतं. ओलेड पडद्याचे सगळे पिक्सेल प्रकाश देतच राहतात आणि त्या प्रकाशाला लागणारी वीज तेवढीच राहते. पण तुम्ही तिथेच थांबलात. ते पिक्सेल पेटण्याआधी प्रत्येक फ्रेम कोणीतरी रंगवावी लागते, ते काम जीपीयूचं. १४४० × ३०८८ म्हणजे सुमारे ४४ लाख पिक्सेल, १०८० × २३१६ म्हणजे २५ लाख. सेकंदाला १२० फ्रेम असतील तर हा फरक दर सेकंदाला १२० वेळा पडतो, आणि तेवढाच डेटा मेमरीतून कमी हलवावा लागतो. बचत होते ती इथे. पुढचं मोठं करून दाखवायचं काम डिस्प्लेचा स्केलर करतो, त्याला फार वीज लागत नाही.

म्हणूनच गेम खेळताना किंवा भराभर स्क्रोल करताना फरक पडतो. स्थिर पान वाचत बसलात तर नवी फ्रेम क्वचितच रंगवावी लागते, त्यामुळे बचत नगण्य. व्हिडिओतही तसंच, तिथे ब्राइटनेसच बॅटरी खातो. गेम स्वतःच आतून कमी रिझोल्यूशनवर चालत असेल, तर तिथेही फार हाती लागत नाही. हे मी मूळ लेखात लिहिलं होतं. शेवटपर्यंत वाचलं असतंत तर दिसलं असतं.

राहिला स्क्रीनशॉट. तो स्केलरच्या आधीच घेतला जातो, म्हणून १०८० सेटिंगचा स्क्रीनशॉट १०८० चाच निघतो. तो झूम केला की अक्षरं फुटणारच. डोळा झूम करत नाही. ६.८ इंची पडद्यावर १०८० म्हणजे इंचाला सुमारे ३७५ पिक्सेल, आणि फोन ३० सेंटिमीटरवर धरला तर निरोगी डोळ्याला २९० च्या आसपास पुरतात. छापखान्यात बारा वर्षं मी भिंगाखाली प्रूफं तपासली आहेत, अक्षराची कड कुठे विरते ते मला कळतं. फोन २० सेंटिमीटरवर आणला तेव्हाच «क्ष» आणि «ज्ञ» यांच्या बारीक रेघांना करडी किनार दिसली. ७२० वर मात्र ती ३० सेंटिमीटरवरूनही दिसते, म्हणून ते सेटिंग मी सुचवलंच नव्हतं.

तुम्ही फोन नाकाशी धरून वाचत असाल तर १४४० च ठेवा. त्याला माझी हरकत नाही.