घरी कोण आहे, हे ॲप ठरवणार

जर्मनीतल्या रेडिएटरवर पूर्वी एक गोल मुंडकं असायचं आणि त्यावर १ ते ५ आकडे. ३ म्हणजे सुमारे २० अंश, बाकी सगळा अंदाजपंचे कारभार. आता तिथे बॅटरीवर चालणारा स्मार्ट थर्मोस्टॅट बसतो आणि तो फोनवरून विचारतो, मंगळवारी दुपारी सव्वातीनला बैठकीच्या खोलीत किती अंश हवेत? रविवारी जेवायला किती माणसं आहेत हे शनिवारी रात्रीपर्यंत ज्या घरात ठरत नाही, त्या घराला हा प्रश्न!

बरं, चुकीचं उत्तर दिलं तर लगेच कळावं, तर तेही नाही. भाड्याच्या घराचा हीटिंगचा हिशेब वर्षातून एकदा येतो आणि तो पाठवायला घरमालकाला हिशेबाचं वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांची मुदत असते. म्हणजे यंदाच्या जानेवारीतलं पाप पुढच्या वर्षाच्या डिसेंबरातही पदरात पडू शकतं. तोवर आपण दोनदा सेटिंग बदललेलं असतं आणि घरातल्या प्रत्येकाची खात्री असते, की ते दुसऱ्याने बदललं.

उदाहरणाला म्युनिकच्या टाडो कंपनीचं ॲप घेऊ, कारण ते पुष्कळ मराठी घरांत दिसतं. बाकीच्या जर्मन ॲपांतही बटणांची नावं बदलतात, तिढे तेच राहतात.

आधी एक गैरसमज निकालात काढू. रेडिएटरवरचा थर्मोस्टॅट उष्णता तयार करत नाही, तो फक्त नळ आहे. नळ सोडला म्हणून पाणी येत नाही, टाकीत असेल तरच येतं. अनेक मजली इमारतींत बॉयलर तळघरात असतो आणि रात्री त्याचं तापमान आपोआप उतरवलेलं असतं. बहुधा अकरा-बारापासून सकाळी सहापर्यंत. याला Nachtabsenkung म्हणतात. आपण हौसेने पहाटे पाचला २१ अंश लावून ठेवतो. ॲप ‘गरम करतोय’ म्हणून लाटा दाखवतं, व्हॉल्व्ह सताड उघडा असतो आणि रेडिएटर हाताला थंडगार लागतो. ॲप म्हणतंय चालू आणि हात म्हणतोय बंद, अशा वेळी हातावर विश्वास ठेवावा. बॉयलरच्या वेळा इमारतीचा कारभार बघणाऱ्या Hausverwaltung ला विचाराव्यात आणि सकाळचा टप्पा त्यानुसार सरकवावा. ॲपला शिव्या देऊन तळघरातला बॉयलर जागा होत नाही.

याच गैरसमजाचं धाकटं भावंड म्हणजे ‘लवकर तापावं म्हणून २५ वर ठेव.’ खोली १७ वर असताना २० लावा की २५, नळ दोन्ही वेळा पूर्णच उघडतो. फरक एवढाच, की २० लावल्यावर तो वीसच्या आसपास मिटतो आणि २५ लावल्यावर आपण टी-शर्ट घालून खिडकी उघडेपर्यंत वाहत राहतो.

आता वेळापत्रक. ॲप तीन साचे देतं: सातही दिवस सारखे, सोमवार ते शुक्रवार एकत्र आणि शनिवार-रविवार वेगळे, किंवा प्रत्येक दिवस स्वतंत्र. आळशी माणूस मधला साचा निवडतो आणि तिथेच फसतो, कारण Mo–Fr हा साचा माणूस रोज ऑफिसला जात असे त्या काळातला आहे. समजा, घरात दोघं आहेत, सोमवार ते बुधवार दोघंही बाहेर, गुरुवार-शुक्रवारी एकाचं काम घरून. मधल्या साच्यात एक तर तीन दिवस रिकामी खोली तापते, नाहीतर दोन दिवस माणूस शाल पांघरून मीटिंगला बसतो. इथे सातही दिवस स्वतंत्र करण्याला पर्याय नाही. पण घाबरू नका, सोमवार भरला की तोच मंगळवार-बुधवारला कॉपी होतो.

तो सोमवार असा भरा. सकाळी ६ ते ८ ला २० अंश, ८ ते साडेपाच १७, साडेपाच ते रात्री १० पुन्हा २० आणि १० ते सकाळी ६ परत १७. झोप पावणेअकराला असली तरी टप्पा दहालाच संपवायचा. रेडिएटर आणि भिंती पाऊण तास तरी ऊब धरून ठेवतात, ती आपण आधीच विकत घेतलेली आहे. गुरुवार-शुक्रवारी मधला १७ चा टप्पा काढून टाका, पण फक्त काम करायच्या खोलीचा. दोन माणसांच्या घरात एका लॅपटॉपसाठी तीन खोल्या तापवण्याची चाल आपल्याकडे नाही.

कागदावर हिशेब केला तर २४ तासांपैकी साडेसहा तास २० आणि साडेसतरा तास १७, म्हणजे सरासरी १७.८ अंश. हा आकडा बघून कोणी खूश होऊ नये. खोली लगेच १७ वर येत नाही, जाड भिंतींच्या घरात तर रात्रभरात १८ ला पोचली तरी पुष्कळ. खरी सरासरी १९ च्या आसपास धरा. तरी दिवसभर २१ ठेवणाऱ्या शेजाऱ्यापेक्षा ती दोन अंशांनी कमी झाली. जर्मनीच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेचा, म्हणजे Umweltbundesamt चा ठोकताळा असा, की एक अंश कमी केला की हीटिंगची सुमारे ६ टक्के ऊर्जा वाचते. दोन अंशांचे बारा टक्के. ‘बंद करून पुन्हा तापवायला जास्त लागतं’ हे वाक्य प्रत्येक मैफिलीत एक काका ठामपणे सांगतात. साध्या रेडिएटरच्या घरात ते खरं नाही. जमिनीखालच्या हीटिंगला मात्र तापायला आणि निवायला तासन्तास लागतात, तिथे दिवसातून चारदा वरखाली करण्यात अर्थ नसतो. म्हणजे काका पूर्ण चुकीचे नाहीत, त्यांचं घर वेगळं आहे.

एवढं सुंदर वेळापत्रक केल्यावर घरातलं दुसरं माणूस येतं, ‘गार वाटतंय गं’ म्हणतं आणि रेडिएटरवरचं मुंडकं फिरवून २३ करतं. इथे पैसा खरा गळतो. हाताने केलेला बदल कधी संपायचा, हे प्रत्येक खोलीच्या सेटिंगमध्ये आधीच ठरवून ठेवायचं असतं: वेळापत्रकाच्या पुढच्या टप्प्यापर्यंत, ठरावीक मिनिटांपर्यंत, की कोणीतरी रद्द करेपर्यंत. ‘रद्द करेपर्यंत’ निवडलेलं असेल तर ते २३ रात्र पाहत नाही, शनिवार पाहत नाही, घर रिकामं झालेलंही पाहत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. खोलीच्या चौकोनात हाताचं चिन्ह दिसलं, की त्या खोलीत वेळापत्रक नाही, कोणाची तरी मर्जी चालू आहे. सगळ्या खोल्यांत ‘पुढच्या टप्प्यापर्यंत’ लावून टाका. ज्याला गार वाटतंय त्याला ऊब मिळते आणि पुढचा टप्पा आला की प्रकरण आपोआप मिटतं. घरात वाद कमी होतील असं मात्र मी म्हणत नाही.

मग येतो Abwesend, म्हणजे घरात कोणी नसतानाचा मोड. फोन कुठे आहे त्यावरून ॲप ठरवतं, की घर रिकामं आहे. शेवटचा फोन बाहेर पडला की Abwesend, पहिला परत आला की Zuhause. (हे आपोआप व्हायला सहसा वेगळं मासिक सदस्यत्व लागतं. ते नसेल तर ॲप नुसतं कळवतं, बटण आपणच दाबायचं.) इथे मराठी घराचा खास घोळ होतो. पुण्याहून आई-बाबा तीन महिन्यांसाठी आलेले असतात. बाबांच्या फोनमध्ये वॉट्सॲप असतं, पेपर असतो, पण हे ॲप नसतं. सकाळी साडेआठला मुलगा आणि सून बाहेर पडले, की ॲपच्या मते घरात चिटपाखरू नाही. दहापर्यंत खोली उतरायला लागते. आई कपाटातून दुसरा स्वेटर काढतात आणि ‘या देशातली थंडीच बेकार’ असं म्हणतात. मुलाला त्या फोन करत नाहीत, कारण त्याला ऑफिसमध्ये त्रास नको.

उपाय दोन. बाबांना ॲपमध्ये घरातलं माणूस म्हणून जोडा आणि त्यांच्या फोनची लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ अशी द्या. ‘ॲप वापरताना’ ही परवानगी पुरत नाही, आणि बॅटरी सेव्हर चालू असला तरी गाडी अडते. दुसरा उपाय जास्त खात्रीचा: ते असेपर्यंत लोकेशन बंद, मोड हाताने Zuhause वर, आणि दिवसाचा टप्पा १७ ऐवजी २०. पैसे जातील. पण गार घरात दिवसभर कुकरच्या शिट्ट्या आणि फोडणीची वाफ म्हणजे खिडकीच्या कोपऱ्यात बुरशी. दमट हवा थंड भिंतीवर बसते, म्हणून १६ अंशांवरचं रिकामं घर परवडतं, १६ अंशांवरचं भरलं घर परवडत नाही. दिवसातून तीन-चारदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडा आणि तेवढा वेळ थर्मोस्टॅट खाली करा. नाहीतर गार वारा लागून तो व्हॉल्व्ह उघडतो आणि आपण रस्ता तापवतो.

डिसेंबरात तीन आठवडे भारतात जायचं असेल तर हिशेब उलटा. ५ अंशांचं दंवसंरक्षण मोहात पाडतं, पण कोपऱ्यातल्या खोलीतला किंवा बाहेरच्या भिंतीतला पाइप गोठला तर भाडेकरूची जबाबदारी निघू शकते. Abwesend ला १५ ठेवा आणि आतले दरवाजे उघडे ठेवा. परतीला मात्र लोकेशनच्या भरवशावर राहू नका. विमानात फोन फ्लाइट मोडवर, म्हणजे ॲपच्या लेखी तुम्ही अजून मुंबईतच. तुम्ही फ्रँकफर्टला सामानाच्या पट्ट्यापाशी उभे असता तेव्हा त्याला जाग येते, आणि तीन आठवडे गार पडलेल्या भिंती १५ वरून २० वर यायला अर्धा दिवस सहज जातो. मुंबई विमानतळावर बोर्डिंगच्या आधीच मोड Zuhause करा. दोन-चार युरो जास्त जातील, पण जाग्रणानंतर कोट घालून झोपावं लागणार नाही.

निघण्याआधी प्रत्येक थर्मोस्टॅटचं चाइल्ड लॉक लावा. मुलं तर तुमच्याबरोबरच येणार आहेत. लॉक आहे तो झाडांना पाणी घालायला येणाऱ्या शेजारीणबाईंसाठी. त्यांना तुमच्या मनीप्लांटची काळजी असते, आणि १५ अंश बघून त्या प्रेमाने मुंडकं २२ वर फिरवतात.