काकांचा हप्ता आणि माझं सपक पत्र

विमा विकणं सोपं असतं हो, रिन्युअलचं पत्र लिहिणं जिवावर येतं. नौपाड्यातल्या एका काकांची पाच लाखांची बोनसवाली पॉलिसी आहे, मुदत वीस वर्षं, आठ वार्षिक हप्ते भरून झालेत, नववा ५ जूनला. मी मस्त पत्र लिहिलं, "मुदत संपल्यावर दहा लाख नक्की हातात!", आणि आमच्या शाखेतल्या मॅडमकडे दाखवायला नेलं, कारण आपल्या मनाने छापून वाटायची सोय नाही.

मॅडमनी लाल पेन काढलं. "नक्की कोणी सांगितलं? आजवर जाहीर झालेला बोनस काकांचा, तो कोणी काढून घेत नाही. पुढचा कंपनीला काय उरतं त्यावर. आणि मुदतीअखेर किती मिळू शकेल ते दाखवणारं चार टक्के-आठ टक्केवालं कोष्टक नुसतं उदाहरण असतं, आश्वासन नाही."

बरं. मग म्हटलं जरा घाबरवू, घाबरला की माणूस भरतो. लिहिलं, "हप्ता चुकला तर भरलेले सगळे पैसे बुडतील!" तेही कापलं! म्हणजे फुगवून गोड बोलायचं नाही, फुगवून घाबरवायचंही नाही, मग एजंटने बोलायचं तरी काय?

मॅडमनी कागदावर हिशोब मांडला. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत, म्हणजे ५ जुलैपर्यंत. या काळात काही बरंवाईट झालं तर क्लेम मिळतो, फक्त थकलेला हप्ता वजा होतो. त्यानंतरही काकांची पॉलिसी शून्य होत नाही, पेडअप होते, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर टिकते. वीसपैकी आठ हप्ते भरलेत, म्हणून पाच लाखांचे दोन लाख राहतात, वर आधीचा जाहीर बोनस, पण पुढचा बोनस बंद. म्हणजे घरच्यांचं संरक्षणही तेवढ्यावरच येतं, आणि खरी भीती हीच आहे, ती लिही की. पाच वर्षांत पुन्हा पूर्ववत चालू करता येते, पण थकबाकी व्याजासकट भरायची आणि तब्येतीचे कागद मागितले तर तेही द्यायचे.

"लवकर भरलंत तर माझ्या कमिशनमधून थोडे परत देतो" ही ओळ मी तळाशी बारीक अक्षरात घातली होती. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं फक्त. विमा कायद्याचं कलम ४१, दंड दहा लाखांपर्यंत. एवढं कमिशन मला सात जन्मात नाही मिळायचं.

शेवटी उरलं ते असं: पॉलिसी नंबर, रक्कम, ५ जून, ५ जुलै, न भरल्यास काय होतं ते, पैसे फक्त कंपनीच्या नावाने भरा. इतकं सपक की पथ्याची खिचडी बरी.

पत्र पोचल्यावर काकांचा फोन. "अरे, हे तूच लिहिलंस ना? एकही फायदा नाही, एकही उद्गारचिन्ह नाही, मला वाटलं कुणीतरी फ्रॉड करतोय." माझ्यावर विश्वास न ठेवता काका थेट शाखेत गेले, मॅडमना पत्र दाखवून खात्री केली आणि तिथेच चेक देऊन आले.