त्याला माणसं दिसत नाहीत, आवाज ऐकू येतात

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे हे कळलं, त्यानंतर काही दिवसांनी एका नातेवाइकांनी अगदी मनापासून सुचवलं, "'अ ब्यूटिफुल माइंड' बघा सगळे मिळून. आजार काय असतो ते समजेल." आम्ही पाहिला. संपल्यावर आत्याने भावाला हळूच विचारलं, "तुलाही अशी माणसं दिसतात का रे?" तो म्हणाला, "दिसत काही नाही. ऐकू येतं." आत्याने सुटकेचा श्वास सोडला. "मग तुझं तेवढं नाही म्हणायचं."

तेवढंच होतं. दिवसरात्र कानाशी दोन आवाज त्याच्याबद्दल आपसात बोलत होते, तो हात धुवायला उठला तरी "बघ, उठला" म्हणत होते. पण सिनेमाने आत्याला शिकवलं होतं की खरा आजार म्हणजे समोर माणूस उभा दिसणं.

मला हा सिनेमा वाईट म्हणायचा नाही. २००१ सालचा, गणितज्ञ जॉन नॅश यांच्या आयुष्यावरचा, आणि त्याने कितीतरी घरांत या विषयावर बोलायला तोंड फोडलं. पण स्किझोफ्रेनियात भास होतात ते बहुतेक वेळा आवाजांचे. दृश्य भास होतात, पण त्या मानाने कमी. खुद्द नॅश यांनाही आवाजच ऐकू यायचे. सिनेमातला खोलीतला मित्र, त्याची छोटी पुतणी, सरकारी गुप्तहेर ही पात्रं पडद्यासाठी घडवलेली आहेत. कारण उघड आहे, आवाज कॅमेऱ्यात पकडता येत नाही. शिवाय प्रेक्षकालाही अर्धा सिनेमा ती माणसं खरीच वाटतात, आणि भ्रम आतून किती पक्का असतो हे त्यामुळे फार चांगलं पोचतं. एवढं श्रेय मी त्याला नक्की देईन.

औषधांचं जरा गुंतागुंतीचं आहे. सिनेमाच्या शेवटाकडे नॅश म्हणतात की आपण नवी औषधं घेतो. खऱ्या नॅश यांनी १९७० नंतर औषधं घेतलीच नव्हती. सिनेमा पाहून लोकांनी गोळ्या सोडू नयेत म्हणून ते नव्या औषधांचं वाक्य मुद्दाम घातलं गेलं, असं नॅश यांनीच पुढे सांगितलं होतं. म्हणजे वस्तुस्थिती चुकली, हेतू मात्र जबाबदारीचा होता. अचूकपणा आणि संवेदनशीलता नेहमी एकाच बाजूला उभ्या राहत नाहीत, हे मला इथे पहिल्यांदा कळलं. मी त्या वाक्याच्या बाजूने आहे. औषधांशिवाय नॅश यांच्यासारखं सावरणारे असतात, पण आपला माणूस त्यांतला निघेल यावर पैज लावता येत नाही. माझ्या भावाने एकदा तीन आठवडे गोळ्या लपवल्या होत्या. त्याचं काय झालं ते मी इथे लिहिणार नाही.

इन्सुलिनच्या झटक्यांचा प्रसंग आईला सहन झाला नाही. "आपल्या पोराला असं करतील?" हे तिने दोनदा विचारलं. ती उपचारपद्धत कधीच इतिहासजमा झाली आहे, हे तिला सिनेमाने सांगितलं नाही, डॉक्टरांना सांगावं लागलं. म्हणून जुन्या काळातला सिनेमा असेल तर घरच्यांना आधीच सांगून ठेवा, उपचार त्या काळातले आहेत.

आता सगळ्यात जास्त घोळ जिथे होतो ते. आपल्याकडे या आजाराला छिन्नमनस्कता म्हणतात, आणि बोलताना लोक सर्रास "दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व" म्हणून मोकळे होतात. मूळ शब्द ब्लॉयलर या मानसोपचारतज्ज्ञाने १९०८ मध्ये वापरला, तोही ग्रीकमधल्या "दुभंगणं" आणि "मन" यांवरूनच. त्यांना म्हणायचं होतं की विचार, भावना आणि वागणं यांची आपसातली सांधेजोड सुटते. एका शरीरात दोन माणसं राहतात असं नव्हे. तो वेगळा आणि बराच दुर्मिळ विकार आहे. पण सिनेमांना त्याचंच आकर्षण. दिवसा सज्जन, रात्री खुनी. एखाद्या सिनेमात पात्राला "स्किझोफ्रेनिया" म्हटलंय आणि ते आवाज बदलून दुसराच माणूस होतंय, तर तिथेच बंद करा. लिहिणाऱ्याने प्राथमिक चौकशीसुद्धा केलेली नाही. आणि हा आजार असलेली माणसं हिंसा करण्यापेक्षा हिंसेची शिकार होण्याची शक्यताच जास्त असते, हेही असल्या सिनेमांतून कधी कळत नाही.

मग ओळखायचं कसं? मी एकच गोष्ट बघते. सिनेमात काहीच न घडणारे दिवस आहेत का? या आजाराचा घरच्यांना सर्वात जास्त छळणारा भाग भास नसतोच. आठ आठ दिवस आंघोळ नाही, आवडतं गाणं लावलं तरी चेहरा कोरा, विचारलेल्या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर. नातेवाईक याला आळस म्हणतात. डॉक्टर याला "निगेटिव्ह" लक्षणं म्हणतात, म्हणजे जे असायला हवं ते नसणं. भासांना औषध बऱ्यापैकी लागू पडतं, याला फारसं पडत नाही. पडद्यावर यात दाखवण्यासारखं काही नाही, म्हणून बहुतेक दिग्दर्शक हे गाळतात. ज्याने गाळलं नाही, तो कुठल्या तरी घरात जाऊन बसलेला असतो.

औषधाचंही तसंच. इंजेक्शन दिलं आणि पुढच्या दृश्यात माणूस शहाणा झाला, असं होत नाही. परिणाम नीट दिसायला काही आठवडे जातात. तोवर झोप, हातांची थरथर, वाढणारं वजन हे सगळं आधी दिसतं, आणि नेमक्या त्याच काळात माणूस गोळ्या नको म्हणतो. हा मधला काळ दाखवणारा सिनेमा सापडला तर जपून ठेवा.

मराठीत आपल्याकडे 'देवराई' आहे, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, २००४ चा. अतुल कुलकर्णींचा शेष आणि त्याच्या बहिणीच्या भूमिकेत सोनाली कुलकर्णी. मला त्यात सर्वात मोलाचं वाटतं ते हे की शेष आधी एक माणूस आहे. त्याला जंगल कळतं, त्या देवराईवर त्याचा जीव आहे, आणि आजार त्याच प्रेमात शिरून त्याला गुंतवतो. खऱ्या आयुष्यातही भ्रम अनेकदा असेच माणसाच्या जिव्हाळ्याच्या गोष्टींतून उगवतात. माझा भाऊ रेडिओ दुरुस्त करायचा. त्याचे आवाज सुरुवातीला रेडिओतूनच यायचे. आणि हा सिनेमा बहिणीला विसरत नाही. भावाला घरी आणल्यावर तिच्या संसाराची जी ओढाताण होते, ती हुंदके न काढता दाखवली आहे. (नैराश्यावरचं काही हवं असेल तर याच दोघांचा 'कासव'. त्यातल्या मुलाला कुणी खोदून खोदून विचारत नाही, हे बघण्यासारखं आहे.)

एक व्यवहाराची गोष्ट. आजारी माणसाला असा सिनेमा अचानक लावून देऊ नका. आधी स्वतः एकट्याने बघा. मग विचारा, बघायचा का, आणि रिमोट त्याच्या हातात द्या. तब्येत बिघडलेली असताना तर नकोच, भ्रमांच्या गोष्टीत आणखी भर पडते.

आम्ही 'देवराई' पाहिला तो भाऊ बरा स्थिरावल्यावर, दोन बैठकांत. त्याने मध्येच थांबवला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, तिला कुणी विचारलं का, ती झोपते कधी?" मी स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले आणि परत येऊन त्याच्याशेजारी बसले. उरलेला सिनेमा त्यानेच पुन्हा लावला.