ईथरची फी जळते म्हणून सप्लाय घटतोच असं नाही

"भाऊ, ईथरची सगळी फी जळते, म्हणून कॉइन रोज कमीच होत चालले, घेऊन ठेवा."

इथेरियम नेटवर्कच्या ईथर कॉइनबद्दल नागपुरातल्या ग्रुपांवर हे फिरून राहिलंय, पण अर्धंच खरं आहे. ऑगस्ट २०२१ पासून फक्त बेस फी, म्हणजे नेटवर्क ठरवतं ती सक्तीची फी, जळते म्हणजे कायमची नष्ट होते, वरची टिप आता व्यवहार तपासणाऱ्या व्हॅलिडेटरला जाते. समजा धरमपेठेतून तुम्ही साधं ट्रान्सफर केलं, त्याला २१,००० गॅस म्हणजे कामाची एककं लागली, दर गॅसला बेस फी २० ग्वेई अन् टिप २ ग्वेई, एक ग्वेई म्हणजे ईथरचा अब्जावा भाग, तर ०.०००४२ ईथर जळलं आणि ०.००००४२ व्हॅलिडेटरच्या खिशात. आता मेन गोष्ट बावा, स्टेकिंगचं, म्हणजे व्हॅलिडेटरनं ईथर अडकवून ठेवण्याचं, बक्षीस म्हणून नवं ईथर रोज तयार होतंच, त्याच्यापेक्षा जास्त जळलं तरच सप्लाय घटतो, अन् मार्च २०२४ च्या डेनकून अपग्रेडनंतर इथेरियमच्या वर चालणाऱ्या लेयर टू नेटवर्कांचा डेटा स्वस्त झाला, बेस फी पडली, जळणं कमी झालं आणि सप्लाय परत वाढायला लागला.