पहिल्या ओळीत भाडं लिहू नका

आज डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय. माझ्या आतेभावाने सकाळी मला त्याचा फोन दाखवला. त्याचा भाडेकरू काही आठवड्यांपासून उत्तर देत नाहीये आणि हा रोज त्याला मेसेज टाकतोय. ‘भाडं कधी?’ ‘अहो, भाडं?’ ‘फोन का उचलत नाही?’ आणि कालचा शेवटचा, ‘उद्यापर्यंत पैसे आले नाहीत तर सामान बाहेर ठेवीन.’ वर मलाच विचारतो, की इतके मेसेज करूनही माणूस बोलत कसा नाही?

अरे, कसा बोलेल? तुझ्या एकाही मेसेजमध्ये तो माणूस जिवंत आहे का, हा प्रश्न नाही. एकटा राहणारा माणूस, कधी भाडं चुकवलं नाही, आणि अचानक गप्प झाला. तुला आधी पैशांची आठवण होते?

मला लगेच आमच्याकडे राहणारा तो मुलगा आठवला. दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत पैसे टाकायचा, आठवण करावी लागत नसे. मग एका महिन्यात निम्मेच आले, सोबत एक शब्द नाही. पुढच्या महिन्यात काहीच नाही. फोन वाजून वाजून बंद व्हायचा. मेसेजवर दोन राखाडी खुणा यायच्या, निळ्या कधी व्हायच्याच नाहीत.

व्हॉट्सॲपच्या या खुणांवरून लोक भलते अर्थ काढतात, म्हणून सांगते. एकच खूण राहिली तर मेसेज त्याच्या फोनपर्यंत पोचलेला नाही. फोन बंद असेल, नेट नसेल, किंवा त्याने तुम्हाला ब्लॉक केलं असेल. दोन राखाडी म्हणजे फोनवर पोचला, पण उघडलेला दिसत नाही. आणि न उघडताही तो वाचलेला असू शकतो! पडद्यावर वरून जी पट्टी सरकते त्यात पहिले काही शब्द दिसतातच. त्या मुलाने मला नंतर नेमकं हेच सांगितलं. म्हणाला, काकू, मी सगळ्यांचे मेसेज वरूनच वाचायचो, उघडायची हिंमत व्हायची नाही.

माझं सगळं म्हणणं इथून सुरू होतं. घाबरलेला माणूस तुमचा मेसेज वाचत नाही, मेसेजची पहिली ओळ वाचतो. त्या ओळीत ‘भाडं’ दिसलं की त्याच्यापुरता मेसेज तिथेच संपला. खाली तुम्ही कितीही मायेने लिहा, तो तिथवर येतच नाही.

मी त्याला लिहिलं होतं ते जसंच्या तसं देते.

‘बरा आहेस ना? बरेच दिवस आवाज नाही, काळजी वाटते. हा मेसेज भाड्यासाठी नाही, त्याचं मी वेगळं लिहीन. आत्ता फक्त ठीक आहेस एवढं कळव. नुसता अंगठा टाकलास तरी चालेल.’

एवढंच. ‘का गप्प आहेस’ असं विचारलं नाही, कारण ‘का’चं उत्तर द्यायला अख्खी कहाणी सांगावी लागते आणि तेवढी ताकद असती तर तो गप्प बसला नसता. सुरुवातीला पैशांची लाज असते. दोन आठवडे गेले की न बोलल्याचीच लाज पैशांपेक्षा मोठी होते. तिथे माणसाला एका अक्षराचं उत्तर द्यायची सोय करून द्यावी लागते. त्याचा अंगठा आला तो मध्यरात्रीनंतर. मी खरंच देवाला हात जोडले.

आता तुमच्यातले काही म्हणतील, ताई, फार मऊ आहात. मऊ? ‘त्याचं मी वेगळं लिहीन’ ही ओळ पुन्हा वाचा. माया दाखवायच्या भरात लोक ‘भाड्याचं काय, होईल सावकाश’ असं लिहून बसतात. ते कधीही लिहू नका. उद्या वाद झाला तर तेच वाक्य समोर ठेवून तुम्हीच मुदत दिली होती असं म्हणता येतं. आणि मोडलेल्या माणसाला त्याने खोटा धीर मिळतो, तो आणखी महिनाभर डोळे मिटून घेतो. काळजी करायची, पण पैशांवर पाणी सोडतोय असं वाटेल असा एकही शब्द लिहायचा नाही.

अंगठा आल्यावर मी त्याच दिवशी पैशांचं लिहिलं नाही. दोन दिवस जाऊ दिले आणि मग दुसरा मेसेज टाकला. त्यात मात्र गोड बोलणं कमी आणि हिशेब जास्त. मागच्या महिन्याचं निम्मं भाडं मिळालं, निम्मं बाकी. चालू महिन्याचं पूर्ण बाकी. वीजबिल भरलेलं नाही. प्रत्येकासमोर आकडा, खाली एकूण. डिपॉझिटला अजून हात लावलेला नाही, हेही लिहिलं. ते मुद्दाम लिहायचं, कारण गप्प बसलेला माणूस मनात धरून चालतो की मालकाने डिपॉझिटमधून कापून घेतलंच असेल, आणि मालक धरून चालतो की घर सोडताना मोडतोडीसाठी ते शिल्लक आहे. एकच रक्कम दोघे दोन कामांना वापरत असतात आणि भांडण शेवटच्या दिवशी होतं.

हिशेबाखाली तीन वाटा दिल्या. एक, अमुक तारखेपर्यंत सगळं भर. दोन, हप्ते पाड, किती आणि कधी ते तूच सांग. तीन, परवडत नसेल तर घर सोड, नोटिशीचा काळ करारात आहे तेवढा धरू आणि डिपॉझिटमधून वळतं करून उरलेला हिशेब लेखी देईन. ‘१, २ किंवा ३ एवढंच लिही. १५ तारखेपर्यंत वाट बघते, त्यानंतर करारातल्या पत्त्यावर पत्र पाठवेन.’ तारीख हवीच. ‘लवकर कळव’ला काही अर्थ नसतो.

त्याने ३ लिहिलं. मग फोन आला, आणि फोनवर तो रडला. नोकरी गेली होती, घरी सांगितलं नव्हतं, रोज सकाळी कपडे करून खोलीतच बसून राहायचा. चोवीस-पंचवीसचं पोर! हे लिहितानाही घशाशी येतं. आतेभावाचा तो ‘सामान बाहेर ठेवीन’ मेसेज ज्याला गेला त्याच्या जागी मी या पोराला बघते आणि राग पुन्हा वर येतो.

हो, मुद्दाम गप्प बसून फुकट राहणारेही असतात, मान्य. मालकालाही हप्ते भरायचे असतात, तेही मान्य. पण अशा बेरकी माणसालासुद्धा हेच दोन मेसेज जाऊ देत की. तुमच्याकडे तारखेसकट लेखी नोंद तयार होते, आणि पुढे वकिलाकडे जावं लागलं तर ‘सामान बाहेर फेकीन’पेक्षा हे कागद तुमच्या बाजूने बोलतात. धमकीचा मेसेज त्याच्याच कामाला येतो. कुलूप बदलणं, पाणी-वीज तोडणं हे तर मनातही आणू नका, बहुतेक ठिकाणी ते बेकायदेशीर आहे आणि मग भाडं बाजूला राहून तुम्हीच आरोपी होता.

आता अंगठाही आला नाही तर? मग घराकडे बघायचं, बाहेरून. पत्रपेटीत कागद साठलेत का, रात्री दिवा लागतो का, शेजाऱ्यांनी शेवटचं कधी पाहिलं. बाहेर वीजमीटर असेल तर आजचा आकडा लिहून ठेवा आणि उद्या त्याच वेळी परत बघा. एकटा फ्रिज दिवसाला साधारण एखादं युनिट खातो. त्याहून बरंच जास्त फिरलं असेल तर आत कुणीतरी वावरतंय. अजिबात फिरलं नसेल तर मेन स्विच बंद करून गेला असण्याची शक्यता जास्त. पण आकडा फ्रिजपुरताच सरकतोय, दार आतून बंद आहे, शेजाऱ्यांनी पाहिलेलं नाही, फोन लागत नाही, आणि हे सगळं एकदम जुळतंय, तर त्या दिवशी भाडं-बिडं विसरा. पोलिसांना फोन करा आणि एकटा राहणारा माणूस दिसत नाही, काळजी वाटते म्हणून सांगा. त्यांच्यासमोर दार उघडा. आपल्याकडे किल्ली आहे म्हणून एकट्याने आत शिरू नका. आत तो आजारी असो, झोपलेला असो की नसो, तुम्ही एकटे आत गेलात हे कुणालाच समजावता येत नाही.

त्याआधी करारात दिलेल्या नातेवाइकाला एक फोन करावा. पण तिथे भाड्याचा भ काढू नका. ‘त्याच्याशी बोलणं झालं का? आमचा फोन लागत नाहीये, ठीक आहे ना?’ एवढंच विचारायचं. त्या मुलाच्या आईला मी फोन करून ‘दीड महिन्याचं भाडं थकलंय’ म्हटलं असतं, तर त्याने घरापासून लपवून ठेवलेली गोष्ट माझ्या तोंडून गेली असती. पैसे त्या माऊलीने कदाचित पाठवलेही असते. पण ते पोर कुठल्या अवस्थेत होतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि दुसऱ्याच्या घरात काय चाललंय हे कधीच माहीत नसतं.

त्याचे पैसे आले का, हे विचारणारच तुम्ही. डिपॉझिटमधून मोठा भाग वळता झाला, उरलेले त्याने तीन हप्त्यांत दिले. प्रत्येक हप्त्याला मी पोच दिली, कुठल्या महिन्याच्या बाकीपैकी किती जमा आणि किती शिल्लक, असं लिहून. नुसतं ‘मिळाले’ लिहिलं की तेवढ्यावर सगळं फिटलं असं उद्या कुणीही म्हणू शकतं. दुसरा हप्ता उशिरा आला, पण उशीर होईल असा मेसेज त्याने आधी स्वतःहून टाकला होता. आतेभावाला मी हे सांगितलं तर म्हणतो, तुझं नशीब चांगलं. नशीब नाही रे बाबा! ज्याला एकदा उत्तर देता आलं त्याला दुसऱ्यांदा देणं सोपं जातं.

दुपारी आतेभावाकडून फोन घेतला आणि त्याच्यासमोर बसून पहिला मेसेज मीच लिहून दिला. धमकीचा मेसेज मागे घेतोय असंही एका ओळीत लिहायला लावलं. तो खूप कुरकुरला, पण पाठवला. आता दोन राखाडी खुणा आहेत. उद्या सकाळी तो मीटरचा आकडा बघणार आहे आणि शेजाऱ्यांना विचारणार आहे. तोवर हिशेबाचा कागद तयार करायला बसवलंय त्याला, कारण कुठला महिना किती बाकी हे त्यालाच धड सांगता येत नव्हतं.